उजव्या डोळ्यातला करडा गोल आणि सोळा आठवड्यांची वाट

डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली, म्हणजे रेटिनाखाली, पाणी साठण्याच्या माझ्या आजाराची सुरुवात कुठून झाली ते मला नक्की आठवतंय. ऑफिसमध्ये नवीन सिस्टिम लाइव्ह करायची होती, दीड महिना रोज चार-साडेचार तास झोप, आणि एका सोमवारी सकाळी उठल्यावर पांढऱ्या छताकडे बघितलं तर उजव्या डोळ्यात एक करडा गोल दिसला. नाण्याएवढा. डोळे चोळले, दोन-तीन मिनिटांत तो फिका झाला, म्हटलं झोप अपुरी झालीय. दिवसभर काही जाणवलं नाही कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं सगळं झाकून टाकतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो हाताने झाकला आणि उजव्याने स्क्रीनकडे बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. एक्सेलच्या रेघा मधोमध आत ओढल्यासारख्या वाकल्या होत्या. ज्या आकड्याकडे बघावं नेमका तोच पुसट, आजूबाजूचे बरे. बाथरूमच्या टाइल्सची सरळ रेघ बघितली तर तिला मध्ये पोक आलेला. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे उजव्या डोळ्याने अक्षरं बारीक दिसत होती, डाव्याने बघितलं की मोठी, उजव्याने बघितलं की लहान, तीच ओळ, तेच अंतर. पांढरा रंगही जुन्या कागदासारखा पिवळट. दुखणं नाही, लाली नाही, पाणी येणं नाही, काहीच नाही. दुखत नसल्यामुळेच मी आणखी चार दिवस घालवले.

मग चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथे मशीनवर तपासून सांगितलं की उजव्या डोळ्याला प्लस पाऊणचा नंबर आलाय, वयानुसार येतो. ती काच लावून तक्त्यावरची एक ओळ खरंच जास्त वाचता आली, त्यामुळे मलाही पटलं आणि चष्मा बनवायला टाकला. रेघा वाकड्या दिसतात हे मी तिथे बोललोच नाही, मला वाटलं नंबरमुळेच तसं होत असेल. नंबरमुळे सगळंच पुसट होतं, पण सरळ रेघेला मध्येच बाक येत नाही, हा फरक तेव्हा माहीत असता तर एक आठवडा वाचला असता.

चष्मा आल्यावरही बाक तसाच, म्हणून एका दवाखान्यात दाखवलं. तिथे डोळ्यात थेंब न टाकताच टॉर्चने बघितलं आणि म्हणाले डोळ्याच्या नसेला सूज असू शकते, पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घ्या, मग बघू. मी चिठ्ठी घेऊन घरी आलो. गोळ्या आणायला निघालोच होतो पण बायको म्हणाली, "अहो, डोळ्याच्या आत कोणी बघितलंच नाही अजून. आधी रेटिनावाल्यांना दाखवू, मग गोळ्या घ्या." तिच्या त्या एका वाक्याचे माझ्यावर फार उपकार आहेत, का ते पुढे येईलच.

रेटिनाच्या डॉक्टरांकडे आधी तक्त्यावर वाचायला लावलं, उजवा डोळा ६/१२, काच लावून ६/९. मग एक चौकटीचा कागद दिला, बारीक बारीक चौकोन आणि मध्ये ठिपका, त्याला आम्सलर ग्रिड म्हणतात. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूच्या रेघा कशा दिसतात ते सांगायचं. मी पेनने त्यावर काढून दाखवलं, ठिपक्याभोवती आठ-दहा चौकोन आत खेचल्यासारखे आणि त्यांच्यावर धुरकट डाग. मग बाहुली मोठी करायचे थेंब, अर्धा तास डोळे मिटून बसणं, आणि मग ओसीटी. ओसीटी म्हणजे मशीनमध्ये हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघत राहायचं, काही सेकंदांचं काम, स्पर्श नाही, सुई नाही. त्यात पडद्याचा उभा काप काढल्यासारखं चित्र येतं.

ते चित्र डॉक्टरांनी माझ्याकडे वळवलं. डाव्या डोळ्यात पडद्याचे थर एकावर एक सपाट आणि बरोबर मध्ये एक छोटी खळगी. उजव्यात ती खळगीच जवळपास गायब, पूर्ण थर वर उचलला गेलेला आणि त्याच्याखाली काळी पोकळी, घुमटासारखी. ती काळी जागा म्हणजे पाणी. पोकळीची उंची २१० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा पाण्याने माझं वाचणं बंद पाडलं होतं.

मी पहिला प्रश्न विचारला की पडदा सुटला का, कारण आमच्या ओळखीत एकाचं तसं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "नाही. तो जो पडदा सुटतो ना, त्यात बहुतेक वेळा छिद्र असतं, तिथून पाणी मागे जातं, त्याला ताबडतोब ऑपरेशन लागतं. तुम्हाला छिद्र नाही. भिंतीत ओल आली की रंगाचा पापुद्रा कसा फुगतो, तसं झालंय. पापुद्रा फाटलेला नाही." मग नाव सांगितलं, सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपॅथी, सगळे सीएससीआर म्हणतात. आजार नवा नाही, १८६६ साली फॉन ग्रेफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने याचं वर्णन करून ठेवलंय, तेव्हा नाव वेगळं होतं.

ही ओल येते कुठून ते मला नीट समजून घ्यायचं होतं, आणि डॉक्टरांनी खरंच वेळ देऊन समजावलं. पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा एक दाट थर असतो, कोरॉइड. पडद्याच्या संवेदी पेशींना पोषण तिथून मिळतं. या दोघांच्या मध्ये पेशींचा एकच पातळ थर असतो, रंगद्रव्याचा, तो बांधासारखं काम करतो आणि पंपासारखंही, म्हणजे मागचं पाणी पुढे येऊ देत नाही आणि जे येईल ते परत मागे ओढतो. सीएससीआरमध्ये मागचा कोरॉइड फुगलेला आणि गळका होतो, त्याचा दाब या थरावर पडतो आणि एखाद्या ठिकाणी थराला भगदाड पडतं. तिथून पाणी पडद्याखाली साठतं. माझ्या स्कॅनवर कोरॉइडची जाडी ४५० मायक्रॉनच्या आसपास होती, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे नेहमीपेक्षा बरीच जास्त. आणि गंमत नाही, काळजीचीच गोष्ट, डाव्या डोळ्यातही ती जाड होती, फक्त तिथे गळती नव्हती. म्हणजे आजार एका डोळ्यात दिसतो पण मागची जमीन दोन्हीकडे ओली असू शकते.

एवढं कळल्यावर सगळी लक्षणं एका ओळीत लागली. पडदा मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याने पुढे आला म्हणून प्रकाश त्याच्या मागे फोकस व्हायला लागला, म्हणून प्लसचा नंबर. एक मिलिमीटर सरकला तर साधारण तीन नंबरचा फरक पडतो, म्हणजे माझा पाऊण नंबर जवळपास त्याच हिशोबात बसतो. घुमटावर संवेदी पेशी ताणल्या जाऊन एकमेकींपासून लांब गेल्या, तेवढंच चित्र कमी पेशींवर पडायला लागलं, म्हणून अक्षरं बारीक. पृष्ठभाग वाकडा म्हणून रेघा वाकड्या. आणि पोषणापासून दूर गेलेल्या पेशींना उजेडातून सावरायला वेळ लागतो, म्हणून सकाळी पांढऱ्या छताकडे बघितलं की करडा गोल. तो नवीन चष्मा मी तसाच ठेवून दिला, कारण पाणी उतरलं की तो नंबरही उतरणार होता आणि तसंच झालं.

मग औषधांची चौकशी. "काही गोळ्या चालू आहेत का?" मी म्हटलं नाही. डॉक्टर थांबले आणि परत विचारलं, यावेळी एकेक करून. "नाकात मारायचा स्प्रे? दम्याचा पंप? त्वचेला लावायचं मलम? सांध्यात इंजेक्शन? कोणी दिलेली ताकदीची पावडर?" आणि मी गप्प झालो. अॅलर्जीच्या सर्दीसाठी मी पाच महिने रोज नाकात स्प्रे मारत होतो, आणि खांदा आखडला होता म्हणून दोन महिन्यांपूर्वी खांद्यात एक इंजेक्शन घेतलेलं. दोन्हीत स्टिरॉइड. मी खोटं बोलत नव्हतो, माझ्या डोक्यात औषध म्हणजे गोळी एवढंच होतं.

स्टिरॉइडचा या आजाराशी संबंध अगदी पक्का धरला जातो. पोटातून घेतलेलं सगळ्यात जास्त, पण स्प्रे, पंप, मलम, सांध्यातलं इंजेक्शन यांच्यानंतरही झाल्याच्या नोंदी आहेत. शरीर स्वतः बनवतं ते कॉर्टिसोल पण स्टिरॉइडच, ते फार वाढलेल्या आजारांत आणि गरोदरपणातही सीएससीआर दिसतो. म्हणूनच त्या पाच दिवसांच्या गोळ्यांबद्दल सांगितल्यावर डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. नसेच्या सुजेत बहुतेक वेळा डोळा हलवताना दुखतं, रंग खूप उडतात, पण रेघांना असा बाक येत नाही, आणि तिथे स्टिरॉइड देतात. इथे तेच औषध पाणी वाढवतं. आत न बघता दोन्हींत गल्लत झाली तर पेशंटला उलटंच औषध जातं. मला त्या दवाखान्याचा राग आला, अजूनही येतो, कारण थेंब टाकून आत बघायला अर्धा तास लागतो आणि ओसीटीला पाच मिनिटं.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. मी स्प्रे स्वतःच्या मनाने बंद केला नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, ती घेऊन कान-नाक-घसावाल्यांकडे गेलो, त्यांनी मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि अॅलर्जीची बिनस्टिरॉइडची गोळी दिली, मग स्प्रे थांबवला. ज्यांना दमा आहे किंवा पोटातून स्टिरॉइड चालू आहे त्यांनी तर अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं, ते ज्याने दिलंय त्याच्याशी बोलूनच कमी करायचं.

ताणाचं काय, हे मी विचारलं कारण मला तेच मुख्य वाटत होतं. डॉक्टरांचं उत्तर मोजूनमापून होतं. ताणामुळेच झालं असं एका माणसाच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही, पण संबंध बऱ्याच वर्षांपासून दिसतोय. १९८० च्या दशकात यानुझी नावाच्या अमेरिकन रेटिनातज्ज्ञांनी सतत घाईत, सतत स्पर्धेत, स्वतःला दामटणाऱ्या स्वभावाच्या माणसांत हा आजार जास्त दिसतो असं मांडलं होतं. ताणात कॉर्टिसोल आणि अॅड्रिनलिन वाढतात आणि कोरॉइडच्या वाहिन्या त्यांना प्रतिसाद देतात, एवढं समजण्यासारखं आहे. आमच्या डॉक्टरांकडे येणारे बहुतेक पेशंट तीस ते पन्नास वयाचे, पुरुष जास्त, आणि विचारलं की गेल्या दोन-तीन महिन्यांत काहीतरी निघतंच, नोकरी, कर्ज, घरातलं आजारपण, झोपेचं खोबरं. झोपेबद्दल त्यांनी वेगळं विचारलं, घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, कारण स्लीप अॅप्निया असलेल्यांतही हा आजार आढळतो. बायकोने सांगितलं घोरतात पण श्वास थांबत नाही.

"मग उपचार काय?" यावर उत्तर आलं, "सध्या काही नाही. चार आठवड्यांनी या." मी अक्षरशः दोनदा विचारलं, थेंब नाही, गोळी नाही, काहीच नाही? ते म्हणाले पहिल्यांदाच झालेला, नुकताच झालेला सीएससीआर बहुतेकांचा तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतो. भगदाड भरून निघतं, पंप परत चालू होतो आणि साठलेलं पाणी ओढून घेतो. त्या काळात लेसर वगैरे केलं तर पाणी कदाचित लवकर उतरेल, पण जे आपणहून बरं होणार आहे त्याला मध्यभागाजवळ डाग पाडायचा धोका का घ्या. थेंबांनी काही होत नाही कारण बिघाड पडद्याच्याही मागे आहे. डोळ्यांच्या व्यायामाने काही होत नाही. स्क्रीनने तो होत नाही आणि स्क्रीन बघितल्याने वाढतही नाही, फक्त त्रास जास्त जाणवतो. हे ऐकून मला हायसं वाटलं, नाहीतर मी लॅपटॉप उघडायलाच घाबरत होतो.

हे चार आठवडे फार वाईट गेले, आजारापेक्षा तपासण्याने. दर तासाला डावा डोळा झाकून दाराची चौकट बघायची, आज जास्त वाकडी की कमी. रात्री उठून बघायचो. एका डोळ्याला लहान आणि एकाला मोठं दिसतं त्यामुळे डोकं दुखायचं, ग्लासात पाणी ओतताना अंतर चुकायचं, पायऱ्या उतरताना कठडा धरायचो. गाडी चालवणं मी स्वतःच बंद केलं, रात्री तर समोरच्या दिव्यानंतर तो करडा गोल बराच वेळ हटायचा नाही.

चार आठवड्यांनी स्कॅन केला. २२५. म्हणजे पंधराने वाढलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या खचलो, इतके दिवस स्प्रे बंद, झोप थोडी वाढवली, आणि तरी वाढलं. डॉक्टरांना फार फरक पडला नाही. म्हणाले मशीनच्या मोजमापातही थोडं इकडेतिकडे होतं, खांद्यातल्या इंजेक्शनचा परिणामही काही काळ रेंगाळू शकतो, आणि पहिल्या महिन्याचा आकडा बघून या आजारात काही ठरवायचं नसतं. बघायचं ते असं की नवीन काही दिसतंय का, रक्त, खाली नवीन रक्तवाहिनीचं जाळं, किंवा थरात खराबी. ते नव्हतं. मला म्हणाले, "तुमचं काम एवढंच, आठवड्यातून एकदा ग्रिड. एक दिवस ठरवा, तीच जागा, तोच उजेड, वाचायच्या अंतरावर, एकेक डोळा. रोज दहा वेळा बघू नका."

त्या दिवशी बाहेर बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ शेजारी बसले होते, बोलता बोलता कळलं त्यांनाही हेच, पण दीड वर्ष झालं, पाणी उतरायचं, परत यायचं. त्यांनी पहिले आठ महिने कुणालाच दाखवलं नव्हतं, एका डोळ्याने चाललंय म्हणून. त्यांना आता पीडीटी करायचं ठरलं होतं. त्यात हाताच्या शिरेतून व्हर्टेपोर्फिन नावाचं औषध देतात, नेहमीच्या अर्ध्या प्रमाणात, आणि मग मागच्या गळक्या भागावर थंड प्रकारचा लेसर सोडतात, त्यानंतर दोन दिवस ऊन पूर्ण टाळायचं. "माझं पाणी गेलं तरी दिसणं पूर्ण येणार नाही म्हणतात," ते म्हणाले, "पेशी वाळल्यात." त्यांचं ते वाक्य घेऊन मी घरी आलो. थांबणं आणि दुर्लक्ष करणं यात काय फरक आहे तो मला त्या बाकावर कळला. मीही काही करत नव्हतो, पण दर चार आठवड्यांनी कोणीतरी आत बघत होतं.

मध्येच अस्वस्थ होऊन दुसरं मत घेतलं. तिथे एप्लेरेनोन नावाची गोळी सुचवली, मुळात ब्लड प्रेशर आणि हृदयासाठीची. घेण्याआधी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की या गोळीकडून खूप आशा होती, बरेच जण देतही होते, पण ब्रिटनमध्ये चार महिन्यांहून जुना सीएससीआर असलेल्या ११४ पेशंटवर तुलना करून बघितली, अर्ध्यांना ती गोळी आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच, आणि २०२० मध्ये निकाल आला की फरक नाही. शिवाय तिने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यासाठी रक्त तपासत राहावं लागतं. मी घेतली नाही. एक गोष्ट मात्र मनाला लागली, आपोआप बरा होणाऱ्या आजारात जे काही घ्याल ते लागू पडल्यासारखं वाटतं, म्हणूनच अशी तुलना लागते.

कामाचं मी काय केलं तेही सांगतो. साहेबांना ओसीटीचं चित्र दाखवलं. तोंडी "डोळ्याला त्रास आहे" म्हटल्यावर कोणी मनावर घेतलं नव्हतं, पण तो काळा घुमट बघून ते म्हणाले रात्रीचे कॉल दुसरं कोणी घेईल. स्क्रीनवर अक्षरं दीडपट केली, पार्श्वभूमी पांढरीऐवजी फिकट राखाडी केली, आकड्यांची तपासणी एका सहकाऱ्याकडे दिली कारण उजव्या डोळ्याच्या त्या डागात तीन आणि आठ सारखेच दिसायचे. झोप सात तासांवर नेली, ते सोपं नव्हतं, पहिले दहा दिवस नुसता पडून राहायचो. यातल्या कशाने पाणी उतरलं हे मी सांगू शकत नाही, स्प्रे बंद झाल्याने की झोपेने की नुसत्या दिवसांनी. पण यातलं काहीही परत सोडायची माझी तयारी नाही.

आठव्या आठवड्यात १४०. त्या दिवशी मी डॉक्टरांना आकडा परत वाचायला लावला. गंमत म्हणजे दिसण्यात मला तोवर काहीच फरक जाणवला नव्हता, ग्रिडवर तोच बाक. बाराव्या आठवड्यात ४०, आणि आता रेघा बऱ्याच सरळ झालेल्या, अक्षरांचा आकार डाव्याच्या जवळ आलेला. तीन महिन्यांत उतरलं नसतं तर फ्लोरेसिन अँजिओग्राफी करायचं ठरलं होतं, म्हणजे हाताच्या शिरेत पिवळा रंग सोडून डोळ्याचे फोटो काढत जायचे, गळती कुठल्या ठिपक्यातून होतेय ते त्यात दिसतं. ठिपका मध्यापासून लांब असेल तर साधा लेसर चालतो, मध्याजवळ असेल तर पीडीटी. पाणी उतरताना दिसल्यामुळे ती वेळ आली नाही.

सोळाव्या आठवड्यात शून्य. स्कॅनमध्ये खळगी परत दिसायला लागली, थर खाली टेकले. तक्त्यावर ६/६, काच न लावता. मी उठून उभाच राहिलो. मग डॉक्टरांनी विचारलं, "आता दोन्ही डोळे सारखे दिसतात?" आणि खरं उत्तर नाही असं होतं. काळ्यावर पांढरं ठीक, पण राखाडीवर राखाडी, म्हणजे संध्याकाळची पायरी, फिकट छापलेलं बिल, ते उजव्याने कमी उठून दिसत होतं. लाल रंग उजव्यात थोडा विटका. ते म्हणाले हे अपेक्षित आहे. पाणी गेलं म्हणजे पापुद्रा भिंतीला टेकला, पण चार महिने पोषणापासून लांब राहिलेल्या पेशींना स्वतःची डागडुजी करायला आणखी काही महिने लागतात. बहुतेकांचं बरंचसं भरून येतं, थोडासा फिकेपणा किंवा एखादा बारीक बाक काहींना राहतो. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की सगळे अभिनंदन करतात, पण पेशंटला जे जाणवतं ते तक्त्यावर येत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरच्यांनी "आता तर ६/६ झालं ना" म्हटल्यावर मला समजावून सांगता यायचं नाही.

आणि परत होऊ शकतं. तीनातल्या एकापासून निम्म्यांपर्यंत, बऱ्याचदा पहिल्या वर्षातच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून माझ्या फाइलवर आणि पाकिटातल्या कार्डावर लिहून ठेवलंय, "सीएससीआर झालेला आहे, स्टिरॉइड देण्याआधी विचारा." दाताच्या डॉक्टरांना दाखवलं, हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. खांदा परत आखडला तेव्हा इंजेक्शनऐवजी फिजिओथेरपी घेतली. मध्ये खाज आली म्हणून दुकानातून आणलेल्या मलमावरचं बारीक अक्षर बायकोने वाचलं आणि ट्यूब परत केली.

ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यांना कधी धावत जायचं ते पण सांगून टाकतो, मला दिलेल्या सूचना अशा होत्या. बाक अचानक वाढला, मध्ये गडद काळा किंवा लालसर डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं, खाली नवीन रक्तवाहिनी आलीय का बघावं लागतं, आणि पन्नाशीनंतर ही शक्यता जास्त धरतात. विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं तर तो हा आजारच नाही, ते पडदा सुटण्याचं लक्षण, त्याच दिवशी दाखवायचं. आणि पाणी चार महिन्यांच्या पुढे टिकलं तर "उतरेल आपोआप" म्हणत बसायचं नाही, तिथून पुढे उपचाराचा विचार सुरू होतो.

आता नऊ महिने झाले. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी मी ग्रिड काढतो, आधी डावा, मग उजवा. उजव्यात ठिपक्याच्या वर, किंचित डावीकडे, एका रेघेला अजून केसाएवढा बाक आहे. गेल्या अकरा रविवारी तो तेवढाच आहे, मी कागदावर पेन्सिलने जागा करून ठेवलीय. लाल रंग जवळपास सारखा झाला. सकाळी उठल्यावर अजूनही आधी छताकडे बघतो, गोल नसतो. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी आहे.